किती किलोची गादी

एका मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर मी तो तक्ता पाहिला तेव्हा माझं डोकंच फिरलं. डावीकडे त्यांची गादी आणि उजवीकडे दुसरी गादी, जिच्या डोक्यावर फक्त एक शब्द होता: 'लोकल'. डावीकडे हिरव्या बरोबरच्या खुणा, उजवीकडे सगळ्या लाल फुल्या. लोकल गादी खचते, लोकल गादीत घाम येतो, लोकल गादीला वास येतो. कोणती लोकल? कोणी बनवलेली, कधी मोजलेली? काहीच नाही. सोबत एका फाटक्या, डाग पडलेल्या गादीचा फोटो, जणू काही कंपनीबाहेरचे सगळे लोक उकिरड्यावर झोपतात.

मी अमरावतीत राहते आणि घरी बसून लहान धंद्यांच्या वेबसाइटसाठी लिहिते. मसाले, सोलर, कोचिंग क्लास, काय येईल ते. त्या दिवशी तो तक्ता मला अकोल्याच्या एका गादी कारखानदारांनी पाठवला होता. मी त्यांना चाचा म्हणते. त्यांचं घराणं मूळचं पिंजाऱ्यांचं. आजोबा आणि वडील दारोदार जाऊन कापूस पिंजायचे, नंतर दुकानात गाद्या भरायचे. चाचांनी एमआयडीसीत शेड घेऊन फोमच्या गाद्या सुरू केल्या. मशीनवरची शिवण, कटिंग, पॅकिंग त्यांचं, आणि गादीच्या काठावर त्यांचं स्वतःचं लेबल. ऑनलाइनचं सगळं त्यांची मुलगी पाहायची. ती कॉमर्स शिकलेली, हुशार आणि बापापेक्षा शांत.

"ताई, हे पाहा काय लिवून राहिले आमच्याबद्दल," चाचा फोनवर म्हणाले. "आता तुमी आमचं असंच एक बनवा. पन जोरदार."

जोरदार बनवायचं कारण त्यांनी अकोल्याला गेल्यावर सांगितलं. दुसऱ्या एका कंपनीचा माणूस शेड पाहून गेला होता. काम चांगलं आहे, आमच्यासाठी बनवा, म्हणाला. माल तुमचा, लेबल आमचं. लग्नसराईच्या आधी हो की नाही ते सांगा. चाचांना काम मिळत होतं, पण नाव जात होतं. स्वतःच्या नावाने गाद्या खपल्या तर त्या माणसाला नाही म्हणता येणार होतं, आणि नाही खपल्या तर वडलांपासून चालत आलेलं नाव लेबलसकट काढून ठेवायचं. या एका पानावर त्यांनी एवढी आशा लावली होती.

त्यांच्या मुलीने चहा आणला. मी सरळ सांगितलं, फुल्यांचा तक्ता मी करणार नाही.

"काहून?" चाचा भडकले. "त्यायनं आमाले शिव्या घातल्या तर आमी काय फुलं वाहावं त्यायले?"

"फुलं नका वाहू. पण शिवी दिली की वाचणाऱ्याला कळतं की हे भांडण आहे. मग तो दोघांनाही सोडून देतो."

मी त्यांना माझी पद्धत समजावली. तुलना करायची तर बरोबरीच्या मापाची करायची: तीच लांबी-रुंदी, तीच जाडी. समोरच्या गादीबद्दल जे लिहायचं ते त्यांनी स्वतः छापलेलं असलं पाहिजे, लेबलवर किंवा त्यांच्या साइटवर, आणि आपण ते कधी पाहिलं ती तारीख वर टाकायची, कारण कंपन्या माल बदलत राहतात. त्यांचे लोगो वापरायचे नाहीत, त्यांच्या गादीला विशेषणं लावायची नाहीत. त्यांनी जे कुठेच सांगितलेलं नाही तिथे 'नाही' न लिहिता 'माहिती दिलेली नाही' असं लिहायचं. खाली एक ओळ: यात काही चुकलं असेल तर कळवा, दुरुस्त करू. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक ओळीचा पुरावा आपल्याकडे हवा. पुरावा नसेल तर ओळ नाही.

"आणि आपलं जे कमी आहे तेही लिहायचं," मी म्हणाले. "हमी कमी वर्षांची आहे. घरी वापरून परत करायची सोय नाही. कव्हर काढून धुता येत नाही."

चाचांनी कप खाली ठेवला. "म्हंजे आपल्याच दुकानात बसून गिऱ्हाइकाले दुसऱ्याचं दुकान दाखवायचं."

"ज्याला त्याची गरज आहे त्याला दाखवायचं. ज्याला नाही तो मग तुमच्यावर विश्वास ठेवेल."

मुलगी म्हणाली, "अब्बा, ताई बराबर बोलून राहिल्या. मी तरी असंच पान वाचून विकत घेईन." चाचांनी कप पुन्हा उचलला आणि लिहा म्हणाले.

मला ते पान लिहायला मजा आली, हे सांगायला हवं. रागाने लिहिलेलं इतकं थंड उतरलं की मीच खूश झाले. गादी आतून काय आहे ते मापाच्या लगेच खाली, दुसऱ्याच ओळीत: खाली दाबलेल्या फोमचा कडक थर, ज्याला धंद्यात रीबॉन्डेड म्हणतात. फोम कापताना उरलेले तुकडे बारीक करून, चिकटवून, दाबून तो बनतो. त्यावर मऊ फोमचा एक पातळ थर आणि वर कव्हर. तुलनेला घेतलेल्या महागड्या तीन गाद्यांमध्ये काय आहे ते त्यांच्याच शब्दांत: एकीत स्प्रिंग, एकीत मेमरी फोमचा थर, एकीत आरपार एकसारखा चांगला फोम. 'ऑर्थोपेडिक' हा शब्द मी कोणालाच लावला नाही, आपल्यालाही नाही, कारण तो कोणत्या मापाने लावायचा हे मला एकानेही दाखवलं नाही. हमीच्या ओळीत लिहिलं की हमी असली तरी किती खोल खचल्यावर ती लागू होते ते बारीक अक्षरात वाचा, आमचीही आणि त्यांचीही. आणि शेवटी एक परिच्छेद: ही गादी कोणी घेऊ नये. जे कुशीवर झोपतात, अंगाने बारीक आहेत, ज्यांचे खांदे किंवा खुबे दुखतात, त्यांना ही कडक वाटेल. त्यांनी वर जाड मऊ थर असलेली गादी पाहावी. ती महाग पडेल, पण त्यांच्यासाठी बरोबर आहे.

हे वाचून चाचांनी मला फोन केला. शिव्या पडतील म्हणून मी तयार होते. ते म्हणाले, "ठीक हाय. आता माही एक ओळ टाका. वजन."

"कशाचं वजन?"

"गादीचं. आमची सगळ्यात भारी भरते. काट्यावर पाह्यलं मी. त्या तिघींचं वजन त्यायनं सोताच लिवलं हाय. तुमचाच नियम."

मला ती ओळ आवडली नाही, पण कारण सांगता येईना. मी म्हटलं, वजनाने गादी चांगली ठरत नाही. ते म्हणाले, चांगली हाय असं कुठं लिवायचं हाय? फक्त वजन लिवा. यात झूठ काय हाय ते सांगा. खोटं काहीच नव्हतं. काटा होता, आकडा होता, माप बरोबरीचं होतं. माझ्याच नियमांनी माझा हात धरला आणि वजनाची ओळ तक्त्यात आली, तीही पहिल्या नंबरावर. चाचांना तशीच हवी होती.

पान सुरू झालं आणि ऑर्डरी यायला लागल्या. तेल्हाऱ्याहून, अंजनगावहून, चांदूर रेल्वेहून. चाचांचा आवाज फोनवर उंच झाला. मला अभिमान वाटला. भांडण न करता लिहिलेलं पान खपवून दाखवलं, असं मी चार जणांना सांगितलंही.

मग एका दुपारी आमच्या दारात टेम्पो थांबला. दोघांनी मिळून एक गादी धापा टाकत आत आणली. माझे बाबा दारात उभे, चेहऱ्यावर केस जिंकल्यासारखं हसू.

माझे बाबा निवृत्त वकील. ऐंशीकडे झुकलेले, काटकुळे, आणि खुबा इतका दुखरा की जिना चढताना ते प्रत्येक पायरीला तिच्या आईबद्दल काहीतरी बोलतात. कायम डाव्या कुशीवर झोपतात. म्हणजे 'कोणी घेऊ नये' या माझ्या परिच्छेदातला एक-एक शब्द त्यांच्याचकडे पाहून लिहिल्यासारखा होता. आणि याच माणसाने मला न विचारता तीच गादी मागवली होती.

"बाबा, तुम्ही ते पान वाचलं ना?"

"वाचलं म्हंजे? पोरीनं लिवलं अन बाप वाचनार नाही?"

"मग खाली काय लिहिलंय ते?"

"वर लिवलं हाय ते पाह्यलं. सगळ्यात भारी. वजन जास्त म्हंजे माल जास्त. गादी अशीच घेतात बाई. तुझी आजी काय विचारत होती? किती किलोची? बस. पिंजारी काट्यावर कापूस टाके, आपन पाहत राहू."

पंचेचाळीस वर्षं कोर्टात उलटतपासणी केलेला माणूस. करारातला एक स्वल्पविराम सोडत नसे. त्याने अख्खं पान सोडलं आणि एक आकडा उचलला, कारण त्या आकड्याचा अर्थ त्याला लहानपणापासून पाठ होता. आमच्याकडे कापसाची गादी किलोवर घेतात. जास्त किलो, जास्त कापूस, जास्त चांगली. फोमची गादी भारी असते ती तिच्यात तुकडे दाबून बसवलेले असतात म्हणून. माल जास्त आहे हे खरं, पण तो माल कसला ते वजन सांगत नाही. हे चाचांना ठाऊक होतं आणि तेल्हाऱ्याच्या गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. म्हणूनच ती ओळ त्यांना पहिल्या नंबरावर हवी होती!

मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. लाल फुल्या मारणाऱ्या कंपनीवर मी तोंडसुख घेतलं होतं. त्यांनी खोटं सांगून फसवलं, आम्ही खरं सांगून. आणि आमची पद्धत जास्त घाणेरडी, कारण तिच्याविरुद्ध कोणाला काही म्हणता येत नव्हतं.

बाबांनी त्या गादीवर झोपायला सुरुवात केली आणि सकाळी उठताना भिंतीला धरायला लागले. विचारलं की म्हणायचे, "मस्त हाय." दुखतं असं कबूल केलं तर गादी हरली असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या हट्टाचा मला राग येत होता आणि भिंतीवरच्या त्या हाताची दया येत होती. शेवटी मी चाचांना फोन केला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. वजनाची ओळ आजच्या आज निघाली पाहिजे, नाहीतर माझं लिहिलेलं सगळंच काढा.

"यात झूठ काय हाय ते सांगा," ते पुन्हा म्हणाले.

"तुम्ही अमरावतीला या. माझ्या बाबांना सांगा हे."

मला वाटलं नव्हतं, पण ते आले. मुलगीही सोबत. चाचा पेहरावाने नीटनेटके, दारातच चप्पल काढून आदबीने आत आले. बाबांनी त्यांना वकिली थाटात बसवलं, चहा मागवला आणि गादीची तारीफ सुरू केली. मी दात आवळून उभी.

"तुमचे वालिद गांधी चौकाकडे बसत होते का कधी?" बाबांनी विचारलं.

"नाही साहेब, आमी अकोल्याचेच. पन अब्बा सगळीकडे फिरत. परतवाड्यापर्यंत."

"आमच्याकडे येनारा एक होता. ईमानदार मानूस. काट्यावर कापूस टाकून दाखवे, मंग भरे, अन एक कोपरा शिवेच ना. म्हने, मालकीनबाई, पयले हात घाला. माही माय कोपरापर्यंत हात घाले अन आतला कापूस वर काढून पाहे. जुना निघाला तर तिथंच तमाशा. चांगला निघाला की मंग तो शेवटचा कोपरा शिवे." बाबा हसले. "तुमच्या पानावर वजन पाह्यलं अन मले तोच मानूस आठवला. म्हटलं, हे लोक काट्यावर दाखवनारे हायेत."

चाचांच्या हातातली बशी खाली आली. त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग क्षणभर थांबला. ते मुलीकडे पाहत म्हणाले, "आमचे अब्बा बी कोपरा सोडत. सगळेच पिंजारी सोडत."

"कैची हाय का घरात?" त्यांनी मला विचारलं.

मी कात्री दिली. ते बाबांच्या खोलीत गेले, चादर बाजूला सारली आणि आपलं लेबल ज्या काठावर होतं त्याच कोपऱ्याची शिवण उसवायला लागले. बाबा ओरडले, "अहो, नवी गादी हाय ते!" चाचा थांबले नाहीत. कव्हर मागे घेतलं, वरचा पांढरा थर उचलला आणि बाजूला झाले.

"हात घाला साहेब."

बाबांनी वाकून पाहिलं. आत निळे, गुलाबी, पिवळे, करडे तुकडे एकमेकांत घट्ट दाबलेले. बाबांनी बोटांनी दाबून पाहिलं, नखाने एक तुकडा उकरला.

"हे काय? कतरन?"

"व्हय. दाबून बसवेल हाय. खराब नाही साहेब, कडक हाय. पाठीवर झोपनाऱ्याले वर्सोनवर्स टिकते. पन भारी हाय ते याच्यानं. कापसासारखं नाही हे."

"मंग तसं लिवलं काहून नाही?"

"लिवलं होतं," मी मध्येच म्हणाले. "तिसऱ्या ओळीत."

बाबा माझ्यावर उसळले. "तिसऱ्या! पयल्या ओळीत वजन अन तिसऱ्या ओळीत कतरन? पोरी, मी जन्मभर साक्षीदार उभे केले. कोनता आधी बोलावायचा अन कोनता नंतर, यावर केस फिरते. तुमच्या पानात एक वाक्य खोटं नाही. म्हनूनच तर तुमच्याविरुद्धची केस मी हरलो असतो."

बाबा पलंगाच्या काठावर बसले, खुबा धरून, आणि पहिल्यांदा म्हणाले, "दुखते लय."

ती गादी चाचांनी परत न्यायची ठरवली. बाबांनी नेऊ दिली नाही. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर टाका म्हणाले, पाहुणे जास्त दिवस राहायचे नाहीत. चाचांनी खिशातून सुई-दोरा काढला. पिंजाऱ्याचा मुलगा खिशात सुई ठेवतो हे मला त्या दिवशी कळलं. कोपरा शिवायला घेतला तेव्हा बाबांनी त्यांचा हात धरला आणि असू द्या म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता येईल.

पान मी त्याच आठवड्यात बदललं. वजनाची ओळ काढून टाकू म्हटलं तर चाचाच म्हणाले, ठेवा, लोक विचारतातच. आता ती शेवटी आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय: भारी आहे, कारण आत दाबलेले तुकडे आहेत, कापसाच्या गादीसारखं वजनावरून हिला जोखू नका. आणि पान उघडताच सगळ्यात वर उसवलेल्या कोपऱ्याचा फोटो, सगळे रंग दिसतील असा. महागड्या गाद्यांच्या रकान्यात, ज्यांच्या कव्हरला चेन आहे तिथे, मी 'उघडून पाहता येते' असं त्यांच्या बाजूने लिहिलं. ते खरं होतं आणि आपल्या गादीला चेन नव्हती.

ऑर्डरी कमी झाल्या. हे मला गोड करून सांगता येणार नाही. फोटो पाहून लोक 'ई' म्हणून पान बंद करत असणार, आणि त्यातल्या काहींनी अशाच आतल्याची दुसरी गादी घेतली असेल, फक्त कोपरा शिवलेली. याचा मला आजही संताप येतो. खरं दाखवणाऱ्याचं गिऱ्हाईक न दाखवणाऱ्याकडे जातं आणि वर त्यालाच लोकल म्हणतात. कंपनीचा माणूस लग्नसराईच्या तोंडावर पुन्हा आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने फोनवर ते पान उघडून चाचांसमोर धरलं आणि हसत म्हणाला, तुम्ही स्वतःच्याच गादीचं पोट फाडून ठेवलंय, आता तुमच्या नावाने कोण घेणार? माझी जीभ सळसळली. चाचांनी माझ्याकडे पाहून हात वर केला.

"जो हात घालून पाहीन तो घेईन," ते म्हणाले. "लेबल आमचंच राहीन."

हंगाम कसाबसा निघाला. एक मशीन बंद ठेवावी लागली. दोघी शिवणाऱ्या दुसरीकडे गेल्या आणि चाचांनी त्यांना अडवलं नाही. आता गाद्यांना एका कोपऱ्यात वीतभर चेन असते, आणि ती आधीच्या कव्हरपेक्षा महाग पडते. चाचा ते कुरकुरत सांगतात.

बाबा आता एका महागड्या कंपनीच्या गादीवर झोपतात, वर जाड मऊ थर असलेल्या. आमच्याच तक्त्यावरून निवडली, यावेळी खालून वर वाचून. चाचा मध्ये भेटायला आले तेव्हा त्यांनी तिच्यावर बसून पाहिलं, मुठीने दाबली, कडेची चेन उघडून हात घातला.

"चांगली हाय," ते म्हणाले. आवाजात खंत होती आणि त्यांनी ती लपवली नाही.

परवा मी शेडमध्ये होते. मुलीचा फोन वाजला. पलीकडून बाईचा आवाज मलाही ऐकू आला, पहिलाच प्रश्न: "गादी किती किलोची हाय?" मुलीने बापाकडे पाहिलं. चाचा शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "सांग तिले. पन पयले म्हन, कोपरा पाह्यला का?"